रात्री दहानंतर पडवी बंद

किहीम, नागाव, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यात वीकेंडला भाड्याने मिळणाऱ्या कुठल्याही बंगल्यात गेलात, तर फ्रिजच्या शेजारी किंवा दाराच्या मागे लॅमिनेट केलेला एक कागद दिसतो. ‘मोठ्याने आवाज करू नये. घर स्वच्छ ठेवावे. पाण्याचा अपव्यय टाळावा. वस्तूंचे नुकसान केल्यास दंड आकारला जाईल. मालकांचा निर्णय अंतिम राहील.’ वाक्यं सगळी बरोबर आहेत आणि उपयोग जवळजवळ शून्य. पाहुणा तो कागद वाचतो तेव्हा पैसे भरून झालेले असतात, बॅगा खोलीत गेलेल्या असतात आणि गाडीच्या डिकीतला स्पीकर पडवीत येऊन पोचलेला असतो. बरं, वाचला तरी ‘मोठ्याने’ म्हणजे किती? दंड म्हणजे पाचशे की पाच हजार? सांडलेल्या चहाचा दंड की फुटलेल्या टीव्हीचा?

घराचे नियम दोन जातीचे असतात आणि बहुतेक मालक ते एकाच पिशवीत कोंबतात. पहिल्या जातीचे नियम पाहुण्याचा निर्णय बदलू शकतात: किती माणसं चालतील, गाणी कुठवर, डिपॉझिट किती, मोडतोडीचा हिशेब कसा. हे बुकिंगच्या आधी कळले नाहीत तर ते नियम राहत नाहीत, फसवणूक वाटते. दुसऱ्या जातीचे नियम म्हणजे घर वापरायची माहिती: गीझरचं बटण कुठे, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, ओला कचरा कुठल्या डब्यात. ते आल्यावर सांगायचे. पहिले उशिरा सांगितले की भांडण होतं. दुसरे लवकर सांगितले की कोणी वाचत नाही.

उदाहरणाला आमचंच घर घेते. नागावची नारळ-सुपारीची वाडी, तीन खोल्या, मध्ये हॉल, पुढे कौलारू पडवी आणि पडवीत झोपाळा. आठ माणसांची सोय आहे. मेंदीच्या कुंपणापलीकडे तात्यांचं घर. ते पहाटे पाचला उठून वाडीला पाणी सोडतात, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला झोपलेले असतात. मुंबईहून आलेल्या माणसाला हे माहीत असण्याचं कारणच नाही. त्याला दिसते चारी बाजूंना झाडी आणि अंधार, आणि तो समजतो की इथे कोणाला त्रास व्हायचा? इमारतीत राहणाऱ्याला वरच्या मजल्यावरचा शेजारी पायांच्या आवाजातून रोज भेटत असतो. वाडीतला शेजारी दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. पण त्याला मात्र सगळं ऐकू येतं.

त्याला कारण आहे. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड, त्यामुळे आवाज वर वळतो आणि विरतो. निरभ्र रात्री हे उलटं होतं. जमीन आधी निवते, खालची हवा थंड आणि वरची तुलनेने गरम राहते, आणि वर जाऊ पाहणारा आवाज पुन्हा खाली वळतो. त्यात रात्री रस्त्याचा, पंपाचा, पोरांचा आवाज थांबलेला असतो. म्हणून संध्याकाळी सहाला कुंपणाबाहेर न जाणवलेलं गाणं, आवाज न वाढवताही, अकराला तीन घरं पलीकडे पोचतं. पडवी तर तीन बाजूंनी उघडी, आणि कौलांचं छप्परही आवाज अडवत नाही. गाण्यातला वरचा सूर झाडं-भिंती थोडाफार अडवतात, खालचा ‘ढब ढब’ काही केल्या अडत नाही. तात्यांची तक्रारही तीच असते: गाणं कुठलं ते कळत नाही, पण खिडकीची तावदानं वाजतात.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्राचे नियम रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ अशी धरतात. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मोजायचा आणि तो त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. यातला ‘हद्दीवर’ हा शब्द मालकाने नीट लक्षात ठेवावा. पाहुणा ‘आम्ही आमच्या आवारातच वाजवतोय’ म्हणतो, तेव्हा त्याचं म्हणणं गैरलागू असतं. आवाज कुठे वाजतो हा प्रश्नच नाही, कुंपणावर किती पोचतो हा आहे.

पण हे आकडे पाहुण्याला पाठवू नयेत. समोरासमोरच्या साध्या गप्पांचा आवाज साठ डेसिबलच्या आसपास असतो, मग ४५ वाचून माणूस म्हणणार की यांनी आम्हाला कुजबुजायला बोलावलंय का. त्याला हाताशी येईल असं माप द्यावं. आमच्याकडे ते असं आहे: ‘कुंपणाच्या फाटकाशी उभं राहा. गाण्याचे शब्द कळत असतील, तर आवाज जास्त आहे.’ हे दिवसासाठी. मोबाइलवरचं मीटर लागत नाही, मालक-पाहुण्यात वाद होत नाही, आणि मुख्य म्हणजे पाहुणा स्वतः जाऊन बघू शकतो. रात्रीसाठी मापही नको, जागा सांगावी: दहानंतर पडवी आणि अंगण बंद, स्पीकर बाहेर नाही, हॉल मात्र रात्रभर तुमचाच.

हे शेवटचं वाक्य नियमाइतकंच महत्त्वाचं आहे. आठ जण एकत्र जमलेत ते दहाला झोपायला नाही. ‘बाहेर बसू नका’ एवढंच सांगितलं तर ते बाहेरच बसणार, कारण आत बसण्यासारखं काही नाही. म्हणून हॉलमध्ये मोठं टेबल, पत्ते, कॅरम, एसी, आणि गाद्यांची बैठक ठेवली. खिडक्या लावून हॉलमध्ये चाललेल्या गप्पा तात्यांपर्यंत पोचत नाहीत. शिवाय अंगणातल्या दिव्यांना टायमर लावला. सव्वादहाला अंगणातले मोठे दिवे जातात, पायरीवरचा एक तेवढा राहतो. दिवे गेले की डास येतात, आणि माणसं आपणहून आत येतात. केअरटेकरदादांना दार ठोठवायला लागण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अर्थात दिवे जाणार हे आधी कळवलेलं हवं, नाहीतर रात्री सव्वादहाला ‘लाइट गेली’ म्हणून फोन येतो.

बुकिंगच्या आधी जो मजकूर जातो तो मोजक्या वाक्यांचाच ठेवावा. आमचा असा आहे:

‘नमस्कार! घर आठ जणांसाठी आहे, लहान मुलं धरून. दिवसा भेटायला कोणी आलं तर आधी कळवा, रात्री मात्र आठच. शेजारी शेतकरी कुटुंब राहतं, त्यामुळे रात्री दहानंतर पडवीत आणि अंगणात बसणं व गाणी बंद, हॉलमध्ये हवं तितकं जागा. बॅचलर पार्टी, डीजे, हळद किंवा वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम ठरवत असाल, तर हे घर त्यासाठी नाही, रागावू नका. डिपॉझिट पाच हजार, निघाल्यावर २४ तासांत परत. मोडतोडीचे दर सोबत जोडलेत. हे सगळं चालत असेल तर “चालेल” असं लिहून पाठवा, मग तारीख पक्की करू.’

‘चालेल’ हे एका शब्दाचं उत्तर मागून घेण्यात गंमत आहे. ज्यांना पार्टीच करायची असते, ती मंडळी इथेच थांबतात. कोणी विचारतो, ‘ताई, थोडं म्युझिक तर चालेल ना?’ हा प्रश्न बुकिंगच्या आधी आला तर दहा मिनिटांत मिटतो. तोच रात्री साडेअकराला आला तर वीकेंड गेला. शिवाय ते लेखी उत्तर पुढे डिपॉझिटवरून वाद झाला तर दाखवता येतं. असं गिऱ्हाईक गेलं तर शनिवार मोकळा जाईल, ही भीती नव्या मालकाला असते. ती खरी आहे, पण चौदा जणांनी आठ जणांचं घर वापरल्यानंतरचा सोमवार ज्याने बघितलाय त्याला ती फारशी राहत नाही.

घर एअरबीएनबीसारख्या मंचावर असेल तर आणखी काही गोष्टी येतात. हे नियम तिथल्या ‘घराचे नियम’ या रकान्यातच लिहिलेले हवेत, कारण बुकिंगनंतर व्हॉट्सॲपवर पाठवलेला नवा नियम तक्रारीच्या वेळी टिकत नाही. बहुतेक यजमानांना तिथे बाहेरून वेगळं रोख डिपॉझिट घेता येत नाही. नुकसानभरपाईची मागणी मंचामार्फतच, पाहुणा निघाल्यापासून १४ दिवसांच्या आत, फोटो आणि बिलांसह करावी लागते. पार्ट्यांवर त्या कंपनीने २०२० साली आधी तात्पुरती आणि २०२२ मध्ये कायमची बंदी घातली आहे, त्यामुळे तुमचा नियम कडक वाटला तरी तो एकट्या तुमचा नसतो. घराच्या आत कॅमेरा लावायला तिथे २०२४ पासून मनाई आहे. आवाजाची फक्त पातळी मोजणारं, बोलणं रेकॉर्ड न करणारं यंत्र चालतं, पण ते लावलंय हे जाहीर करावं लागतं. आणि मंच कुठलाही असो, परदेशी नागरिक राहणार असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरणं मालकाची जबाबदारी आहे. म्हणून ओळखपत्र दारात नव्हे, आदल्या दिवशी मागावं. दारात, सामान हातात असताना, आधारकार्ड मागितलं की पाहुण्याला नाक्यावर अडवल्यासारखं वाटतं.

आता मोडतोड. इथे ‘दंड’ हा शब्दच काढून टाकावा. दंड म्हटलं की पाहुणा लपवतो. फुटलेला ग्लास कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी जातो, डाग पडलेली चादर घडी घालून कपाटात ठेवली जाते आणि पुढच्या शुक्रवारी नवे पाहुणे ती उलगडतात. मालकाचं खरं नुकसान तिथे होतं. हळदीचा किंवा रेड वाइनचा डाग त्याच संध्याकाळी कळला तर चादर भिजत घालून बहुधा वाचते. तीन दिवस वाळला की वाचत नाही. म्हणून आमचा नियम असा आहे की कप, ग्लास, बशी फुटली तर पैसे नाहीत, फक्त सांगा म्हणजे काचा कोणाच्या पायात जाणार नाहीत. लगेच सांगितलेला आणि धुऊन निघालेला डागही फुकट. न निघालेला असेल तर चादरीचे ७००, टॉवेलचे ३००. किल्ली हरवली तर कुलूप बदलण्याचे १,२००. छोटे दर असे आधीच लिहून द्यावेत.

मोठ्या वस्तूंचे दर मात्र लिहू नयेत, पद्धत लिहावी. गादीचंच बघा. कोकणात डासांची कॉइल लागते, आणि कोणीतरी ती पलंगाखाली नाहीतर थेट गादीच्या कडेला ठेवतं. सकाळी तळहाताएवढं काळं भोक. समजा गादी चार वर्षांपूर्वी १२,००० रुपयांना घेतली होती. चांगली गादी रोजच्या वापरात साधारण आठ वर्षं जाते असं धरलं, तर तिचं निम्मं आयुष्य तुम्हीच वसूल केलंय. पाहुण्याकडून मागायचे ते उरलेल्या निम्म्याचे, म्हणजे ६,०००. डिपॉझिट पाच हजार आहे म्हणून पाचावर थांबायचं की वरचे हजार मागायचे, हा तुमचा प्रश्न. मी थांबते. हजार रुपयांसाठी महिनाभर फोन करण्यात अर्थ नाही. पण उलटी गोष्ट फार बघायला मिळते: गादी आठ हजारांची, जुनी, आणि मागणी नव्या पंधरा हजारांच्या गादीची. हे चुकीचं तर आहेच, शिवाय टिकतही नाही. भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. भिंतीवर ‘सिगारेट ओढल्यास २५,००० रु. दंड’ असं लिहिल्याने पंचवीस हजार मिळत नाहीत. पडदे धुण्याचं बिल आणि खोली एक दिवस बंद ठेवावी लागली तर त्या रात्रीचं भाडं, एवढं दाखवता येतं.

दाखवता येण्यासाठी आधीची स्थिती हाताशी हवी. प्रत्येक पाहुण्याआधी केअरटेकरदादा एक सलग व्हिडिओ काढतात: फाटकापासून सुरू करून प्रत्येक खोली, गाद्या चादर उचलून, गॅसची शेगडी, बाथरूमची काच, टीव्ही चालू करून. चार मिनिटांचं काम. त्यातच जुन्या खुणा मुद्दाम दाखवायच्या, ‘या कपाटाचा आरसा आधीचाच तडकलेला आहे’ असं बोलून. तो व्हिडिओ पाहुण्याला पोचल्याबरोबर पाठवतो आणि म्हणतो, अजून काही दिसलं तर तासाभरात फोटो टाका. यात मालकाइतकाच पाहुण्याचा फायदा आहे. जुना डाग प्रत्येक पाहुण्याच्या डिपॉझिटमधून पुन्हा पुन्हा वसूल करणारे मालक आहेत, नाही असं नाही. तुम्ही स्वतः पाहुणे म्हणून कुठे गेलात आणि मालकाने असा व्हिडिओ दिला नाही, तर बॅगा उघडायच्या आधी तुम्हीच काढून त्याला पाठवा.

मग येतो चेक-इनचा निरोप. तो आदल्या संध्याकाळी पाठवावा. वाटेत पेण-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये कोणी वाचत नाही, आणि मांडव्याच्या रो-रोने येणारे बोटीवर फोटो काढत असतात. फोनच्या एका पडद्यात मावेल इतकाच ठेवावा, पाहुण्याला लागणारी गोष्ट आधी, आपल्याला लागणारी नंतर:

‘नमस्कार, उद्या तुमची वाट बघतोय! घर दुपारी एकपासून तयार आहे. पिन सोबत पाठवली आहे, पण शेवटच्या वळणावर मॅप चुकवतो. मारुतीच्या देवळानंतर डावीकडे, निळं फाटक. दादा फाटकावर असतील. दुपारचं जेवण हवं असेल तर आज रात्री नऊपर्यंत सांगा, काकू सकाळीच मासळी आणतात. वायफायचा पासवर्ड आणि गीझरची माहिती हॉलमधल्या पाटीवर आहे. दोन आठवणी: रात्री दहाला पडवी बंद, सव्वादहाला अंगणातले दिवे आपोआप जातात, हॉलमध्ये निवांत बसा. आणि काही फुटलं, सांडलं, बिघडलं तर लगेच दादांना सांगा, लगेच सांगितलेल्या गोष्टींवर आम्ही भांडत नाही. कॉइल फक्त स्टीलच्या ताटलीत, जमिनीवर. काही अडलं तर मला फोन करा, रात्रीसुद्धा. सावकाश या.’

यात ‘कृपया’ कुठेही नाही आणि ठळक अक्षरंही नाहीत. चार ठिकाणी ‘कृपया’ लिहिलं की पाचवं वाक्य सूचनाफलक होतं. आवाज आणि मोडतोड यांच्यासाठी प्रत्येकी एकच जागा ठेवली आहे. दोन्हीकडे वेळ आणि कृती लिहिली आहे, भावना नाही. ‘आमचं घर तुमचंच समजा’ हे वाक्यही मी काढून टाकलं. माणसं स्वतःच्या घरात सोफ्यावर पाय ठेवून चहा पितात.

रात्री साडेनऊला आणखी एक ओळ जाते: ‘जेवण कसं झालं? अर्ध्या तासात पडवी आवरायची आहे, हॉलचा एसी लावून ठेवायला दादांना सांगू का?’ यातला प्रश्न खरा आहे, आणि ‘हो’ म्हटलं की माणूस आत यायला तयार झालेला असतो.

तरीही कधी स्पीकर चालूच राहतो. तेव्हा पायऱ्या ठरलेल्या हव्यात, कारण रात्री अकराला मालकाचाही पारा चढलेला असतो. आधी मालकाचा फोन, ज्याने बुकिंग केलंय त्याच एका माणसाला, ग्रुपवर निरोप नाही. चारचौघांत सांगितलेलं माणूस चारचौघांसाठी नाकारतो. पंधरा मिनिटांनी दादा जातात आणि पडवीतल्या प्लगपॉइंटचा स्विच बंद करतात, वाद घालत नाहीत. तो स्विच म्हणून मीटरच्या पेटीत घेतला आहे. बॅटरीवरचा स्पीकर असेल तर हा उपाय चालत नाही, तेव्हा तो सकाळपर्यंत गाडीत ठेवायला सांगायचं. मध्यरात्री बाहेर काढायची धमकी देऊ नये. प्यायलेल्या माणसांना गाडी घेऊन अलिबागच्या रस्त्यावर सोडणं हे आवाजापेक्षा कितीतरी वाईट. दमदाटी किंवा मारामारीची चिन्हं दिसली तर मात्र ११२ लावावा, दादांना एकट्याने पुढे घालू नये. आणि तात्यांना आपला नंबर दिलेला असावा. शेजाऱ्याची तक्रार आधी मालकाकडे आली तर रात्र निभावते, थेट पोलिसांकडे गेली तर पुढचा हंगामही अडतो.

निघायच्या दिवशीचा निरोप सर्वांत छोटा: अकराला घर सोडा, भांडी सिंकमध्ये ठेवली तरी चालतील, चादरी काढू नका, काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांगा. चादरी काढू नका हे मुद्दाम आहे. पाहुण्यांनी काढून गोळा केल्या की कुठला डाग कुठल्या पलंगावरचा ते कळत नाही आणि ओली चादर खाली राहून बाकीच्या चार खराब करते. दादा त्यानंतर पुन्हा तोच व्हिडिओ त्याच क्रमाने काढतात. दुपारपर्यंत दोन्ही शेजारी ठेवून बघायचे, कपात असेल तर फोटो आणि हिशेब एकाच निरोपात, नसेल तर पाच हजार त्याच दिवशी परत. २४ तास कबूल केलेत म्हणून २४ तास थांबायचं काही कारण नाही.